इक्विटी कर्व्ह स्वतःच्या सरासरीखाली गेला की सिस्टीम थांबवावी का?

वेदगंगाकाठ (निपाणी)

नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीपासून मी निफ्टी फ्युचर्समध्ये एका लॉटवर एकच सिस्टीम चालवतो आहे. आदल्या काही दिवसांचा उच्चांक ओलांडला की खरेदी, नीचांक मोडला की विक्री, स्टॉपलॉस ठरलेला, आणि नफा धावत असेल तर त्याला धावू द्यायचे, एवढेच तिचे स्वरूप आहे. तोटे लहान आणि पुष्कळ, नफे मोठे आणि थोडे, असा तिचा स्वभाव आहे. माझ्या एक्सेलमध्ये एकूण १८० सौदे आहेत. त्यांपैकी पहिले १३९ बॅकटेस्टमधील आणि शेवटचे ४१ प्रत्यक्ष बाजारातील आहेत.

सौद्यांच्या निकालांची चढती बेरीज, म्हणजेच इक्विटी कर्व्ह, काढून तिच्यावर २० सौद्यांची सरासरी लावली. बेरीज सरासरीच्या खाली असेल तर सौदा घ्यायचा नाही, वर आली की पुन्हा सुरू करायचे, हा नियम सिस्टीमवर चढवला. सरासरी तयार होण्यात जाणारे पहिले २० सौदे सोडले तर उरलेल्या १६० सौद्यांत थांबल्याशिवाय १,६०० पॉइंट मिळाले आणि सर्वांत खोल घसरण ६१० पॉइंटची झाली. हा नियम लावल्यावर सौदे ९७ उरले, नफा मात्र २,३८० झाला आणि घसरण १९० वर आली. कमी सौद्यांत जास्त नफा पाहून मी हा नियम प्रत्यक्ष सौद्यांना लागू केला.

तेव्हापासून जे घडते आहे ते नेमके उलटे आहे. मी थांबलो की मोठा नफ्याचा सौदा येतो आणि सुरू केले की स्टॉपलॉस लागतो. कागदावर जे इतके चांगले होते ते हातात येताच का बिघडले, हे कोणी समजावून सांगेल का?

संकेश्वरी

यात अवघड काय आहे? निफ्टी २०० दिवसांच्या सरासरीखाली असेल तर खरेदीच करायची नाही, हे आम्ही पहिल्यापासून पाळत आलो आहोत. २० ची सरासरी फार लहान पडते, ती २०० ची करून पाहा.

वेदगंगाकाठ

अण्णा, तुम्ही म्हणता ती भावाची सरासरी झाली. मी भावाविषयी बोलत नाही. माझ्या स्वतःच्या नफातोट्याच्या बेरजेवर जी सरासरी लावली आहे, तिच्याविषयी विचारतो आहे. बाजार वर असतानाही माझी बेरीज खाली असू शकते.

चिकोडीकर

मी हाच नियम दोन वर्षे वापरतो आहे आणि माझ्या मते तो उत्तम आहे. ब्रोकरच्या ॲपमध्ये खात्यावर जी शिल्लक दिसते तिची मी २० दिवसांची सरासरी काढतो. शिल्लक तिच्याखाली गेली की थांबतो. घसरण निश्चित कमी झाली आहे. नफाही थोडा कमी झाला असेल, पण रात्री झोप लागते. तुमचे दुःख एवढेच आहे की तुम्ही थांबलेल्या काळात हुकलेले सौदे पाहत बसता. ते पाहणे सोडा.

शहापूरकरीण

वेदगंगाकाठ, ९७ सौद्यांत २,३८० म्हणजे सौद्यामागे साडेचोवीस पॉइंट. मूळ सिस्टीम सौद्यामागे १० पॉइंट देते. फक्त थांबल्यामुळे सरासरी अडीचपट व्हावी, हे मला खटकते. मी अनेक वर्षे महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवले आहे, आणि असा निकाल दिसला की आधी सूत्र पाहावे, ही सवय त्यातून लागली आहे. एक्सेलमध्ये नेमके कोणते सूत्र लिहिले आहे ते आणि कोणतेही सलग १२ सौदे येथे द्या. पायाला हात घातल्याशिवाय भिंतीविषयी बोलण्यात अर्थ नाही.

वेदगंगाकाठ

ताई, `B` रकान्यात ब्रोकरेज, कर आणि स्लिपेज वजा केलेला सौद्याचा निकाल आहे, `C` मध्ये चढती बेरीज, आणि `D` मध्ये नियम लावल्यानंतरचा निकाल. बाविसाव्या ओळीचे सूत्र असे आहे:

```
=IF(C22>=AVERAGE(C3:C22),B22,0)
```

सलग १२ सौदे, पॉइंटमध्ये: +९०, −४०, −३५, +१२०, −४५, −४०, −३०, +१५०, −४०, −४५, +११०, −३५.

शहापूरकरीण

दुखणे सापडले. `D22` मध्ये तुम्ही बाविसाव्या ओळीचा सौदा घ्यायचा की नाही हे ठरवता, पण ते ठरवताना `C22` पाहता, आणि `C22` मध्ये त्याच सौद्याचा निकाल आधीच मिसळलेला आहे. म्हणजे सौदा संपल्यावर तो घ्यायला हवा होता का, असे तुम्ही विचारत आहात. मोठा नफा झाला तर बेरीज सरासरीच्या वर उडी मारते आणि सूत्र म्हणते, 'घेतला'. मोठा तोटा झाला तर बेरीज खाली जाते आणि सूत्र म्हणते, 'घेतलाच नव्हता'. अशा परीक्षेत कोणतीही सिस्टीम पहिल्या वर्गात उत्तीर्ण होते.

तुमचेच १२ सौदे हाताने करून पाहू. हिशेब आटोपशीर राहावा म्हणून २० ऐवजी ४ सौद्यांची सरासरी घेते. पहिल्या चार सौद्यांनंतर बेरीज १३५ आणि सरासरी ७२.५, म्हणजे बेरीज वर आहे. पाचव्यानंतर बेरीज ९०, सरासरी ७२.५, अजून वर. सहाव्यानंतर बेरीज ५०, सरासरी तीच, आता खाली. सातव्यानंतर बेरीज २०, खालीच. आठवा +१५० चा सौदा आल्यावर बेरीज १७० आणि सरासरी ८२.५, पुन्हा वर. नवव्यानंतर १३० विरुद्ध ९२.५, वर. दहाव्यानंतर ८५ विरुद्ध १०१.२५, खाली. अकराव्यानंतर १९५ विरुद्ध १४५, वर.

आता पाचव्यापासून बाराव्यापर्यंत काय हाती लागते ते पाहा. मुळीच न थांबता या आठ सौद्यांची बेरीज +२५ होते. तुमच्या सूत्राप्रमाणे पाचवा, आठवा, नववा, अकरावा आणि बारावा असे पाच सौदे घेतले जातात आणि बेरीज +१४० होते. पण सहाव्या सौद्याने बेरीज खाली जाणार आहे, हे सहावा सौदा घेण्यापूर्वी कोणालाच ठाऊक नसते. प्रत्यक्षात निर्णय आधीच्या सौद्यानंतरच्या स्थितीवरच घ्यावा लागतो. तसे केले तर पाचवा, सहावा, नववा, दहावा आणि बारावा हे सौदे घेतले जातात आणि ते पाचही तोट्याचे आहेत: बेरीज −२०५. सुटले ते सातवा, आठवा आणि अकरावा, म्हणजे +१५० आणि +११० हे दोन्ही मोठे नफे त्यांत गेले.

बरोबर सूत्र असे हवे, म्हणजे बाविसाव्या ओळीतील सौद्याचा निर्णय एकविसाव्या ओळीवर:

```
=IF(C21>=AVERAGE(C2:C21),B22,0)
```

एकाच ओळीचा फरक आहे. हे सूत्र खालपर्यंत ओढा आणि आकडे कळवा.

वेदगंगाकाठ

ताई, दुकानातून आल्यावर लगेच करून पाहिले. सौद्यांची संख्या ९७ च राहिली. नफा मात्र २,३८० वरून ८१५ वर आला, म्हणजे सौद्यामागे ८.४ पॉइंट. घसरण ४३०. थांबलोच नसतो तर १,६०० मिळाले असते. दोन वेळा तपासले, तिसऱ्यांदा मुलाकडून तपासून घेतले. तेच येते.

चिकोडीकर

सूत्राची चूक मान्य. पण ताई, आता बरोबर सूत्रानेसुद्धा घसरण ६१० वरून ४३० वर आलीच ना? नियमाचे काम घसरण कमी करण्याचे आहे आणि ते त्याने केले. नफा थोडा गेला, ती विम्याच्या हप्त्यासारखी किंमत समजावी.

शहापूरकरीण

घसरण कमी झाली हे खरे आहे, पण ती नियमाच्या शहाणपणामुळे झाली की केवळ कमी सौदे घेतल्यामुळे, हे वेगळे काढायला हवे. १६० पैकी ९७ सौदे म्हणजे साधारण ६० टक्के काळ पैसा बाजारात होता. मग तुलना करायची ती पूर्ण आकाराच्या सिस्टीमशी नव्हे, तर कधीही न थांबणाऱ्या पण ६० टक्के आकाराने चालणाऱ्या सिस्टीमशी. १,६०० चे ६०.६ टक्के म्हणजे सुमारे ९७०, आणि ६१० चे तेवढेच टक्के म्हणजे सुमारे ३७०. सरासरीकडे न पाहता नुसता आकार कमी ठेवला असता तर नफा ८१५ ऐवजी ९७० आणि घसरण ४३० ऐवजी ३७० झाली असती. दोन्ही बाजूंनी साधा उपाय सरस ठरला.

चिकोडीकर, तुमच्या पद्धतीविषयी एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. तुम्ही खात्यावरील शिल्लक पाहता. थांबल्यावर शिल्लक हलत नाही, ती सपाट रेघ होते. वरून सरासरी मात्र रोज खाली सरकत त्या रेघेला येऊन मिळते आणि फार तर २० दिवसांनी तुम्ही पुन्हा सुरू करता. त्या २० दिवसांत सिस्टीम सावरली की आणखी बुडाली, याचा त्या निर्णयाशी काहीही संबंध नसतो. दिवसांऐवजी सौद्यांची सरासरी लावली असती तर सौदेच नसल्यामुळे ती सरकलीही नसती आणि तुम्ही कायमचे थांबला असता. म्हणून थांबलेल्या काळातसुद्धा प्रत्येक सौदा कागदावर घ्यावा लागतो, खर्च वजा करून, आणि निर्णय त्या कागदी बेरजेवरच करावा लागतो. 'हुकलेले सौदे पाहणे सोडा' हा सल्ला मनाला बरा वाटतो, पण या नियमात तो चालत नाही.

चिकोडीकर

सुरू होण्याविषयीचे पटले. मी इतके दिवस याला शिस्त समजत होतो आणि ती निव्वळ तारीख निघाली. पण ६० टक्के आकाराचे काय? वेदगंगाकाठ एका लॉटवर चालतात. फ्युचर्समध्ये एका लॉटचे ६० टक्के कोणी देत नाही.

शहापूरकरीण

हा मुद्दा अगदी योग्य आहे. लॉट लहान करता येत नसेल तर त्यामागे ठेवलेले भांडवल वाढवावे लागते. एका लॉटमागे जेवढी रक्कम बाजूला ठेवली आहे तिच्या साधारण १.६५ पट ठेवली की टक्केवारीत तोच परिणाम होतो. तेवढी रक्कम नसेल तर मुळात तो लॉटच आपल्या खिशाला मोठा आहे, आणि हे थांबण्याच्या नियमाने लपवता येते, बदलता येत नाही.

कॅम्पातला

तुमचे सगळे गणित मान्य करूनही मी थांबण्याच्या बाजूने आहे, कारण माझा अनुभव तसा आहे. मी ऑप्शन विकतो. २०२० च्या फेब्रुवारीच्या शेवटी माझी बेरीज सरासरीखाली गेली आणि मी नियमाप्रमाणे थांबलो. त्यानंतर १३ मार्च आणि २३ मार्च या दोन्ही दिवशी बाजाराला खालचे सर्किट लागून व्यवहार थांबले होते. मी विकून बसलो असतो तर आज हा धागा वाचायलाही शिल्लक राहिलो नसतो. त्या एका नियमाने माझे भांडवल वाचवले. तुमचे ६० टक्के त्या महिन्यात काय करणार होते?

शहापूरकरीण

तुमचे उदाहरण मी बाजूला सारणार नाही, कारण त्यात खरे काहीतरी आहे. थांबण्याचा नियम एकाच परिस्थितीत कामाला येतो: तोट्याच्या मागे तोटा येण्याची शक्यता नेहमीपेक्षा जास्त असते तेव्हा. सौदे एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर मागचे पाच तोटे पुढच्या सौद्याविषयी काहीच सांगत नाहीत. मग थांबणे म्हणजे डोळे मिटून काही सौदे वगळणे. आणि तोट्यांनंतर नफा येण्याचा कल असेल तर थांबणे सरळ अंगावर येते, जसे वर त्या १२ सौद्यांत आले.

ऑप्शन विकणाऱ्याचे तोटे झुंडीने येतात, कारण बाजारातील खळबळ झुंडीने येते. आज मोठी हालचाल झाली तर उद्याही मोठी होण्याची शक्यता वाढते. त्यामुळे तुमच्या पद्धतीत थांबण्याला आधार असू शकतो. उलट वेदगंगाकाठ यांची सिस्टीम कल पकडणारी आहे. बाजार एका पट्ट्यात अडकतो, तोट्यांमागून तोटे लागतात, बेरीज सरासरीखाली जाते, आणि मग पट्टा फुटून मोठा नफा येतो. थांबण्याची वेळ आणि नफा येण्याची वेळ शेजारी शेजारी असतात.

तरीही तुमच्यासाठी दोन शंका आहेत. एक मार्च हा एकच नमुना आहे. शंभर सौदे वाचले असले तरी घटना एकच. आणि कारण जर खळबळ हे असेल, तर ती इंडिया व्हिक्सवर सरळ दिसते. तिच्यासाठी आधी स्वतःचा तोटा होऊ देऊन मग त्याची सरासरी पाहणे हा लांबचा रस्ता आहे. शिवाय पुन्हा सुरू करताना उशीर होतो, आणि प्रीमियम सर्वांत जाड असतात ते नेमके त्याच उशिराच्या दिवसांत.

कॅम्पातला

पुन्हा सुरू करायला मला जून उजाडला होता, हे खरे आहे. मधल्या काळातील प्रीमियम पाहून हात चोळत बसलो होतो. पण व्हिक्स किती झाल्यावर थांबायचे हा आकडाही कुणीतरी मागचे पाहूनच ठरवणार ना? मला माझा नियम निदान माझ्याच खात्यातून येतो.

उद्यमबाग लेथ

मी शेअर बाजारातला नाही, पुतण्यामुळे हे वाचतो. पण हा प्रश्न आमच्या शॉपमध्ये रोज येतो म्हणून लिहितो.

सीएनसीवर शाफ्ट वळवताना कोणताही व्यास तंतोतंत येत नाही, तो दोन-चार मायक्रॉन इकडे-तिकडे होतोच. आमच्याकडे एक नवा ऑपरेटर होता, फार प्रामाणिक. तो प्रत्येक नग मोजायचा आणि जेवढा फरक दिसेल तेवढा ऑफसेट उलट दिशेने सरकवायचा. नग तीन मायक्रॉन मोठा आला, तर ऑफसेट तीन मायक्रॉन कमी. काही दिवसांतच रिजेक्शन वाढले. मशीन ठीक होते. नगागणिक आपोआप होणारा फरक तो मशीनचा दोष समजत होता, आणि त्याच्या सततच्या दुरुस्त्यांमुळे नगांचा फैलाव सुमारे १.४ पट झाला होता. त्याला सांगितले की मोजत राहा, कागदावर टिंब मांडत राहा, पण वरची किंवा खालची लाल रेघ ओलांडल्याशिवाय मशीनला हात लावू नकोस. रिजेक्शन पूर्ववत झाले.

ती लाल रेघ मधल्या सरासरीवर नसते. मशीन चांगले असताना टिंबे किती दूर जाऊ शकतात हे आधी मोजून, त्याच्याही बाहेर ती मारलेली असते. मधल्या रेघेवर मशीन थांबवायचे ठरवले तर चांगले मशीनसुद्धा निम्मा दिवस बंद राहील. तुमची २० सौद्यांची सरासरी मला ती मधली रेघ वाटते. चांगली चालणारी सिस्टीमसुद्धा तिच्याखाली सारखी जात-येत असणार. १६० पैकी ६३ सौद्यांच्या वेळी ती खाली होती, हे तुमच्याच वरच्या आकड्यांवरून दिसते. मग प्रश्न असा की तुमची लाल रेघ कुठे आहे?

शहापूरकरीण

लेथवाले काका, तुम्ही माझे काम हलके केले. लाल रेघ काढण्याची सोय वेदगंगाकाठ यांच्या एक्सेलमध्येच आहे. १८० निकाल तेच ठेवायचे, फक्त त्यांचा क्रम पत्त्यांसारखा पिसायचा. नव्या एक्सेलमध्ये हे एका सूत्रात होते:

```
=SORTBY(B2:B181,RANDARRAY(180))
```

पिसलेल्या रकान्यावर तीच चढती बेरीज आणि तोच थांबण्याचा नियम लावायचा. दर वेळी दोन आकडे टिपायचे: घेतलेल्या सौद्यांची सरासरी, आणि न थांबता झालेली सर्वांत खोल घसरण. असे २०० वेळा करा. पिसल्याने तोट्यांची झुंड असलीच तर ती मोडते. मूळ क्रमात नियमाने काही खास कमावले असेल तर तो आकडा पिसलेल्या आकड्यांच्या वरच्या टोकाला दिसला पाहिजे.

एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. पिसलेल्या सौद्यांतही थांबण्याच्या नियमाची सरासरी पूर्ण १० येणार नाही, किंचित कमी येईल. गठ्ठ्यातील पत्ते मोजकेच असल्यामुळे तोटे निघून गेले की उरलेल्यात नफे जास्त राहतात, आणि नियम नेमका तेव्हाच थांबलेला असतो. म्हणून तुलना १० शी न करता पिसलेल्यांच्या सरासरीशी करा.

सोबत हेही काढा:

```
=CORREL(B2:B180,B3:B181)
```

सलग दोन सौद्यांचा संबंध यात दिसतो. १८० सौद्यांसाठी हा आकडा साधारण ०.१५ च्या आत, अधिक किंवा उणे, असला तर त्यातून काही अर्थ काढू नये.

वेदगंगाकाठ

रविवारची दुपार यात गेली. २०० वेळा पिसले. घेतलेल्या सौद्यांची सरासरी बहुतेक वेळा ४ आणि १४ यांच्या मध्ये राहिली, सगळ्यांची मिळून ९.२ आली. माझ्या मूळ क्रमाचा आकडा ८.४ आहे आणि २०० पैकी ८६ आकडे त्याच्याही खाली आहेत. म्हणजे मी अगदी गर्दीच्या मध्यभागी उभा आहे. संबंधाचा आकडा −०.०६ आला.

घसरणीचे २०० आकडे चढत्या क्रमाने लावले तर १९० वा आकडा ८९० पॉइंट निघाला. माझी आताची घसरण ४८० आहे. इतके दिवस मी ४८० पाहून घाबरत होतो, आणि पिसलेल्या बहुतेक क्रमांत यापेक्षा खोल घसरण येऊन गेली आहे.

एक शंका राहते. २० ऐवजी १० ची सरासरी लावली तर मूळ क्रमात सौद्यामागे ११ पॉइंट येतात. मग १० ची घ्यावी का?

शहापूरकरीण

१०, १५, २०, ३०, ५० अशा पाच लांबींत शोधले तर एखादी चांगली दिसणारच. ती खरी आहे का हे तपासायचे असेल तर प्रत्येक पिसलेल्या क्रमातही पाचही लांबी लावून त्यांतली सर्वांत चांगली निवडा आणि तुमचे ११ त्या निवडक आकड्यांशी ताडून पाहा. निवडीची मुभा स्वतःला दिली तर ती पत्त्यांनाही द्यायला हवी. माझा अंदाज असा आहे की ११ पुन्हा गर्दीतच सापडतील.

हा विषय निघालाच आहे म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड डेनिस आणि विल्यम एकहार्ट यांनी नवख्या माणसांना कल पकडण्याची पद्धत शिकवली होती, ती माणसे पुढे टर्टल म्हणून ओळखली गेली. त्यांच्या पहिल्या सिस्टीममध्ये २० दिवसांचा उच्चांक किंवा नीचांक मोडल्यावर सौदा घेत, पण याआधीचा तसाच संकेत नफ्याचा ठरला असेल तर नवा संकेत सोडून देत. म्हणजे वेदगंगाकाठ तोट्यानंतर थांबतात, आणि तिथे नफ्यानंतर थांबायचे. आधीचा संकेत प्रत्यक्ष घेतला होता की नाही हे ते पाहत नसत, कागदावर त्याचे काय झाले असते तेच धरत. आणि सोडलेल्या संकेतातून मोठा कल निघून जाऊ नये म्हणून ५५ दिवसांचा उच्चांक किंवा नीचांक मोडला की पुन्हा आत शिरत. तो नियम आज निफ्टीवर चालतो असा माझा दावा नाही. त्यांच्या नियमात परत येण्याचा दरवाजा वेगळा आणि आधीच ठरवलेला होता, एवढे मात्र पाहण्यासारखे आहे.

संकेश्वरी

पहिल्यांदा प्रश्न समजला नव्हता, आता समजला. मग थांबायचेच नाही का? सिस्टीम खरोखर मेली तर? आमच्याकडे मिरचीच्या व्यापारात एक जुना ठोकताळा ३० वर्षे चालला आणि शीतगृहे आल्यावर चालेनासा झाला. जे लोक 'अजून लाल रेघ आली नाही' म्हणत बसले ते बसलेच.

उद्यमबाग लेथ

रेघ येईपर्यंत हात बांधून बसायचे असे नाही. हत्याराची धार झिजली हे ठाऊक असेल तर आम्ही टिंबाची वाट पाहत नाही, हत्यार बदलतो. कारण दिसले की थांबावे. कारण दिसत नसेल आणि फक्त टिंब खाली असेल, तर रेघ ओलांडेपर्यंत मशीन बंद करू नये.

कॅम्पातला

बाजारात धार झिजलेली दिसत नाही काका, हीच अडचण आहे. ८९० पॉइंट जाईपर्यंत वाट पाहायची म्हणजे मेलेल्या सिस्टीमसाठी ८९० मोजायचे. सरासरीवर थांबणाऱ्याचे त्या प्रसंगात कमी जातील. जिवंत सिस्टीमवर तो काही नफा गमावतो हे मान्य, पण तुमची सिस्टीम जिवंत आहे हे गृहीत धरूनच तुम्ही पत्ते पिसता आहात.

शहापूरकरीण

या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. उलट मी त्यात भरच घालते. १८० पैकी १३९ सौदे बॅकटेस्टचे आहेत, आणि सिस्टीमचे नियम तेच सौदे पाहून ठरवले गेले असणार. त्यामुळे ते निकाल खऱ्यापेक्षा थोडे गोड असतात आणि त्यांतून निघालेली ८९० ची रेघ खऱ्यापेक्षा जवळ पडण्याची शक्यता आहे. म्हणजे चांगली सिस्टीमसुद्धा कधी ती ओलांडेल. रेघ आणखी दूर न्यावी तर कॅम्पातले म्हणतात तसे मेलेल्या सिस्टीमसाठी आणखी मोजावे लागेल. दोन्ही चुका एकाच वेळी कमी करण्याचा मार्ग जास्त सौदे जमवण्याखेरीज मला माहीत नाही.

वेदगंगाकाठ, प्रत्यक्षातील ४१ सौदे वेगळे काढले तर त्यांची सरासरी किती आहे? जे थांबल्यामुळे घेतले नाहीत तेसुद्धा धरून सांगा.

वेदगंगाकाठ

सगळे ४१ धरले तर सौद्यामागे ६ पॉइंट. त्यांतले जे मी खरोखर घेतले ते २४ आहेत, आणि त्यांची सरासरी उणे २.

तूर्त असे ठरवले आहे. `D` रकाना काढून टाकत नाही, पण त्याप्रमाणे सौदे घेणे उद्यापासून बंद. प्रत्येक संकेत घ्यायचा. एका लॉटमागची रक्कम वाढवायची, त्यासाठी यंदाचे तंबाखूचे येणे आले की त्यातला काही भाग इकडे वळवीन; तोपर्यंत फ्युचर्स बंद ठेवून संकेत फक्त वहीत मांडेन. घसरण ८९० ला पोहोचली तर थांबून एकेक सौदा उलगडून पाहीन. प्रत्यक्षातील सौदे १०० झाले की फक्त तेवढेच पिसून आकडे येथे मांडतो.

चिकोडीकर

मी पण कागदी रकाना आजपासून सुरू केला आहे. थांबलेल्या अवस्थेत आहे, शिल्लक पाहत नाही. एक विचारायचे राहिले: थांबण्याचा संकेत आला तेव्हा आधीचा सौदा उघडाच असेल तर तो बंद करायचा की स्टॉपलॉसपर्यंत चालू द्यायचा? माझे कधी कधी दोन सौदे एकाच वेळी उघडे असतात.

शहापूरकरीण

चालू द्यायचा. तुमची बेरीज बंद झालेल्या सौद्यांची आहे, तेव्हा निर्णयही पुढच्या नव्या सौद्यापुरताच. पण दोन सौदे एकमेकांवर चढत असतील तर सौद्यांची ओळ सोडून रोजच्या बंद भावावर बेरीज काढावी लागेल, नाहीतर कोणता सौदा 'आधीचा' हेच ठरणार नाही. तुमची शीट पाठवा, त्यात तारखांचे दोन रकाने लागतील.